जोडीची नावे: यमक टाळून अनुप्रास साधण्याची रीत

सशांची किंवा लव्हबर्डची जोडी घरी आली की पहिल्या दिवशी सुचणारी नावे बहुतेक वेळा यमकाची असतात. चिंटू-पिंटू, सोनू-मोनू, टिंगी-मिंगी अशी नावे एकत्र उच्चारायला गोड वाटतात आणि ती एका जोडीची आहेत हे ऐकणाऱ्याला सांगावेही लागत नाही. अडचण पुढे येते. शेजारच्या खोलीतून एकाला हाक मारली की दोघे धावत येतात, किंवा काही आठवड्यांनी दोघांपैकी कोणीच मान वर करत नाही. घरातली माणसेही पिंजऱ्यासमोर उभी राहून ‘चिंटू… नाही, पिंटू’ असे अडखळू लागतात. हा दोष प्राण्यांच्या समजेचा नसून नावांच्या घडणीचा आहे, आणि नाव ठरवण्यापूर्वी थोडा विचार केला तर तो पूर्णपणे टाळता येतो.

हाकेत नावाचे काय होते, हे आधी पाहू. मराठीत दुरून हाक मारताना आपण नावाचा शेवटचा स्वर लांबवतो: ‘मोतीऽऽ’, ‘पिंटूऽऽ’. आवाजाचे बळ स्वरांमध्ये असते. व्यंजने क्षणिक असतात आणि भिंत, पंखा किंवा नळाचे पाणी मध्ये आले की सर्वांत आधी तीच विरतात. त्यातही प आणि ब, त आणि द, क आणि ख यांच्यातला फरक जवळून स्पष्ट ऐकू येतो, पण दहा पावलांवरून तो ओळखणे माणसालाही जड जाते. म्हणजे दुरून पोहोचतात ते मुख्यतः पहिल्या अक्षरातील स्वर आणि शेवटचा लांबवलेला स्वर. चिंटू आणि पिंटू ही नावे या कसोटीवर ठेवून पाहा. दोन्हींत पहिला स्वर इ, शेवटचा ऊ, मधला अनुस्वार समान आणि ट समान. वेगळे आहे ते फक्त पहिले व्यंजन, आणि नेमके तेच वाटेत हरवते.

यावरून जो नियम निघतो तो असा: जोडीचे साम्य पहिल्या व्यंजनात किंवा अर्थात ठेवावे, आणि वेगळेपण स्वरांत ठेवावे. साध्या शब्दांत, यमक टाळावे आणि अनुप्रास घ्यावा. एकाच व्यंजनाने सुरू होणारी पण भिन्न स्वरांची नावे एकत्र म्हटली की जोड कानाला लगेच कळते, आणि एकेकटी उच्चारली की ती एकमेकांत मिसळत नाहीत.

स्वरांची निवड करताना त्यांचे तीन गट धरले की काम सोपे होते. पहिल्या गटात इ, ई आणि ए, दुसऱ्यात अ आणि आ, तिसऱ्यात उ, ऊ आणि ओ. एका गटातले स्वर लांबून एकमेकांसारखे भासतात. ‘ऊ’ने संपणारे आणि ‘ओ’ने संपणारे नाव ओरडून म्हणून पाहिले की ते लगेच जाणवते. म्हणून दोन्ही नावांचे शेवटचे स्वर निरनिराळ्या गटांतले असावेत, ही अट सोडू नये. पहिल्या अक्षराचे स्वरही वेगळ्या गटांतले असले तर उत्तम, पण तिथे गरज पडल्यास थोडी सवलत घेता येते.

‘जाई-जुई’ या जोडनावाचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, म्हणून ते तपासून पाहू. अर्थाचे साम्य आहे, पहिले व्यंजन एक आहे, उच्चार हलका आहे. पण दोन्ही नावे ‘ई’ने संपतात आणि त्या ‘ई’च्या आधी व्यंजन नाही, त्यामुळे हाकेत ‘ईऽऽ’ एवढेच भरून राहते. दोघींतला सगळा फरक आ आणि उ या एका जागी येऊन ठेपतो, तोही जिथे स्वर लांबवला जात नाही तिथे. ‘राजा-राणी’ची स्थिती याच्या उलट आहे. पहिले अक्षर जसेच्या तसे समान असूनही शेवटचे स्वर आ आणि ई असे दूरचे असल्याने हाकेत ती दोन वेगळी नावे ऐकू येतात. मला स्वतःला ‘राजा-राणी’ फार वापरलेले वाटते, पण ध्वनीच्या हिशेबात ते ‘जाई-जुई’पेक्षा सरस आहे, हे मान्य करावे लागते.

आता नावे ठरवण्याची कृती टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा: दुवा एकच ठरवणे

नावांना जोडणारा धागा अर्थाचा असेल (दोन रत्ने, दोन फुले, दोन रंग) की ध्वनीचा, हे आधी ठरवावे. दोन्ही एकदम साधण्याच्या नादात नावे फार जवळ येतात. अर्थाचा दुवा भक्कम असेल, तर ध्वनी पूर्ण वेगळे ठेवण्याची मोकळीक मिळते. अर्थाचा दुवा नसेल, तर पहिले व्यंजन समान ठेवावे. त्यानंतर दोन्ही प्राण्यांकडे दोन-तीन दिवस नुसते पाहावे. रंग, अंगावरचा ठिपका, कानांची ठेवण, कोण आधी पुढे येतो आणि कोण मागे थांबतो, यांतून शब्द सुचतात आणि ते शब्द त्या प्राण्याशी चिकटूनही राहतात. रंगावरून आलेल्या नावाचा एक फायदा असा की पाहुण्यांना आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना कोण कोणता हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा टप्पा: लिंगाची खात्री, किंवा तिची गरज न ठेवणे

मराठीत नाव उच्चारले की क्रियापद लगेच लिंग विचारते: आला की आली? सशांच्या लहान पिलांमध्ये नर-मादी ओळखताना चूक होणे अगदी नेहमीचे आहे, आणि सुमारे 12 आठवड्यांनंतर डॉक्टरांकडून पाहून घेतल्यास उत्तर बरेच भरवशाचे मिळते. लव्हबर्डमध्ये प्रश्न अधिक अवघड आहे. पिंजऱ्यात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या जातींमध्ये, म्हणजे गुलाबी चेहऱ्याच्या, फिशर आणि मास्क्ड लव्हबर्डमध्ये, नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. पिसावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून डीएनए चाचणी केल्याखेरीज नक्की सांगता येत नाही. दोन पक्षी एकमेकांना चोच भरवताना दिसले म्हणून ते नर-मादीच असतील असेही नाही. दोन माद्यांचीही घट्ट जोडी जमते. म्हणून चाचणी केलेली नसेल तर नायक-नायिकेची, राजा-राणीची नावे टाळावीत. ऊ आणि ई यांनी संपणारी लाडनावे मराठीत दोन्ही लिंगांना चालतात (बंटी आणि मोती हे मुलगेही असतात), त्यामुळे खात्री होईपर्यंत तीच सोयीची. योगायोगाने हे दोन स्वर वेगवेगळ्या गटांतलेही आहेत, म्हणून एक नाव ‘ऊ’चे आणि दुसरे ‘ई’चे, अशी वाटणी पुष्कळदा जमून जाते.

तिसरा टप्पा: नाव घरात कसे मोडेल ते पाहणे

हा टप्पा बहुतेक जण वगळतात आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. मराठी घरात कोणतेही नाव आठवडाभराहून अधिक काळ आपल्या मूळ रूपात टिकत नाही. केशवचा केशू, राघवचा राघू, शेवंतीची शेवू होते. नाव व्यंजनात संपत असेल तर हाक मारायला लांबवता येईल असा स्वर त्याला नसतो, म्हणून आपण तो आपोआप जोडतो, आणि जोडताना दोन्ही नावांना एकच स्वर लावतो. ‘लव-कुश’ हे कागदावर छान वेगळे दिसते, पण चार दिवसांत त्याचे ‘लवू-कुशू’ होते आणि शेवट सारखा होऊन बसतो. म्हणून प्रत्येक नावाची घरात होऊ शकतील अशी दोन-तीन रूपे आधीच मोठ्याने म्हणून पाहावीत आणि ती रूपेही एकमेकांपासून दूर आहेत ना, हे तपासावे. सर्वांत सुरक्षित नाव ते, जे मुळातच दोन अक्षरी आणि स्वरान्त असते, कारण त्याला आणखी मोडण्याची कोणाला गरज वाटत नाही.

चौथा टप्पा: घरातल्या रोजच्या शब्दांशी टक्कर

‘ये’, ‘चल’, ‘नको’, ‘खाऊ’, ‘बस’, ‘खाली’ हे शब्द प्राण्यांसमोर दिवसातून अनेकदा उच्चारले जातात. नाव त्यांच्याशी मिळतेजुळते असेल तर त्याला नाव म्हणून वेगळे मोल राहत नाही. निकू हे नाव ‘नको’शी भिडते, कारण ऊ आणि ओ एकाच गटातले आहेत. घरातल्या माणसांच्या हाका, म्हणजे बाबा, काकू, ताई, दादा, यांच्याशीही तुलना करावी. माणसांना यात गंमत वाटते, पण सशाला दिवसभर उगाच कान टवकारावे लागतात आणि हळूहळू तो त्या ध्वनीकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

हे सर्व प्रत्यक्षात कसे चालते, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, घरात दोन ससे आले आहेत, एक पांढराशुभ्र आणि एक काळा. पांढरा नर असल्याची डॉक्टरांनी खात्री केली आहे, काळा लहान असल्याने त्याच्याबद्दल अजून शंका आहे. पहिली सूचना येते ‘कापूर-काजळ’. अर्थ सुंदर, रंग नेमके, पहिले व्यंजन एक. मात्र दोन्ही नावे व्यंजनात संपतात, म्हणून तिसऱ्या टप्प्यात त्यांची रूपे होतात कापू आणि काजू. स्वर आ-ऊ आणि आ-ऊ. एवढ्या चांगल्या जोडीचे हाकेत शेवटी यमकच उरते, तेव्हा ती जशीच्या तशी घेता येत नाही.

मग कापू ठेवून काळ्यासाठी क पासूनच, पण दुसऱ्या स्वरांचे नाव शोधू. कोकीळ पक्ष्यावरून ‘कोकी’ सुचते: काळा रंग, स्वर ओ-ई, दोन अक्षरे, स्वरान्त, दोन्ही लिंगांना चालणारे. कापू-कोकी ही जोडी स्वरांच्या कसोटीवर उत्तम उतरते. पण चौथ्या टप्प्यात कापू अडकतो. एक तर ‘खाऊ’ आणि ‘कापू’ यांचे स्वर तेच आहेत आणि क-ख चा फरक दुरून पुसला जातो. दुसरे म्हणजे स्वयंपाकघरात ‘भाजी कापू का?’ हे वाक्य रोज उच्चारले जाणार. सशाच्या नावासाठी हे वाक्य ध्वनीच्याच नव्हे, इतरही कारणांनी गैरसोयीचे आहे.

पांढऱ्यासाठी पुन्हा शोध घेतल्यावर कापसावरून ‘कापसा’ हे नाव पुढे येते. स्वर आ-अ-आ, कोकीचे ओ-ई; पहिले स्वर वेगळ्या गटांतले, शेवटचेही वेगळ्या गटांतले. घरात त्याचे ‘कापसू’ झाले तरी शेवट ऊ आणि ई असा वेगळाच राहतो. नर असल्याची खात्री असल्याने आकारान्त पुल्लिंगी नाव चालते. मादी असती तर ‘कापशी’ करावे लागले असते आणि तिचा ‘ई’ कोकीला भिडला असता. आता कोकीची टक्कर तपासली की ‘काकी’ आठवते. या घरात कोणालाच काकी म्हणत नसतील तर नाव टिकते. म्हणत असतील तर पुन्हा शोध. जोड म्हणून ‘कोकी-कापसा’ असा क्रम ठेवावा, ‘कापसा-कोकी’ नव्हे, कारण ऊन-पाऊस किंवा चहापाणी यांसारख्या जोडशब्दांत छोटा शब्द आधी आला की उच्चार सहज पुढे सरकतो. क्रमाबाबत आणखी एक बारीक गोष्ट अशी की पहिले नाव स्वराने संपून दुसरे स्वरानेच सुरू होत असेल तर दोन्ही एकमेकांत विरघळतात. ‘जुई-इरा’ वेगाने म्हणून पाहिले की दोन नावे होती हेच कळत नाही.

या जोडीची एक किंमत मात्र आहे आणि ती अनुप्रासाच्या प्रत्येक जोडीला मोजावी लागते. दोन्हींचे आद्याक्षर क असल्याने औषधाच्या वेळापत्रकात किंवा वजनाच्या नोंदीत नुसते ‘क’ लिहून चालणार नाही. एकाला औषध सुरू असताना ते दुसऱ्याला जाणे ही किरकोळ चूक नसते, म्हणून नोंदीत पूर्ण नाव आणि त्यापुढे रंग लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून ठेवावी.

लव्हबर्डसाठी वेगळा विचार

सशाची श्रवणशक्ती आपल्यापेक्षा खूप वरच्या पट्टीपर्यंत जाते. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येते, तर ससा 40,000 हर्ट्झच्याही पलीकडचे आवाज ऐकतो. त्यामुळे कापसातला ‘स’ त्याला अगदी स्पष्ट पोहोचतो. पक्ष्यांचे तसे नाही. बहुतेक पक्ष्यांना 1,000 ते 4,000 हर्ट्झच्या दरम्यान सर्वांत चांगले ऐकू येते आणि त्याच्या बरेच वर गेल्यावर त्यांची श्रवणशक्ती झपाट्याने उतरते. ‘स’चा सगळा सळसळाट याच वरच्या पट्टीत असतो. म्हणून लव्हबर्डच्या दोन नावांतला फरक ‘स’वर अवलंबून असता कामा नये, सोनी आणि टोनी ही जोडी यमकामुळे आधीच वाईट, आणि पक्ष्यासाठी त्याहून वाईट. इथे स्वरांतला फरक सशांहूनही महत्त्वाचा ठरतो. शिवाय फरक आणखी ठळक व्हावा म्हणून एक नाव नेहमी चढत्या सुरात आणि दुसरे उतरत्या सुरात म्हणण्याचा नेम घरातल्या सगळ्यांनी पाळावा.

हिरवा आणि फिकट पिवळसर-पांढरा अशी जोडी असेल तर ‘पाचू-मोती’ हे मला फार नेटके वाटते. दुवा रत्नांचा, रंग जुळणारे, स्वर आ-ऊ आणि ओ-ई, आद्याक्षरेही वेगळी, आणि लिंगाचा प्रश्न दोन्ही नावांत अडत नाही. मोती हे कुत्र्याचे नाव आहे अशी तक्रार कोणीतरी करेल, ती ऐकून घ्यावी आणि सोडून द्यावी. एक अपेक्षा मात्र ठेवू नये: पक्षी स्वतःचे नाव बोलून दाखवेल ही. लव्हबर्ड क्वचितच शब्द उचलतात, म्हणून ‘त्याला म्हणता येईल असे’ नाव शोधण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

पाचवा टप्पा: कसोटी आधी माणसांवर

नावे पक्की करण्यापूर्वी एकाने शेजारच्या खोलीत जावे, पंखा किंवा नळ सुरू ठेवावा, आणि दोन्ही नावे कोणत्याही क्रमाने मिळून 10 वेळा उच्चारावीत. पाच वेळा मोठ्याने, पाच वेळा हळू. दुसऱ्याने ऐकून लिहावे. दोन किंवा अधिक चुका झाल्या तर नावे एकमेकांच्या फार जवळ आहेत असे समजावे. माणसाला भाषा येते, तरी तो चुकतो. प्राण्याकडून अधिकाची अपेक्षा करणे योग्य नाही.

सहावा टप्पा: नाव शिकवणे आणि ते लागले का ते पाहणे

जोडी जमलेल्या सशांना शिकवण्यासाठी एकमेकांपासून वेगळे करू नये. सोबती दिसेनासा झाला की ते अस्वस्थ होतात आणि शिकणे बाजूलाच राहते. त्याऐवजी एकाच खोलीत दोन माणसांनी दोन कोपऱ्यांत, एकेका सशाजवळ बसावे. आपल्या सशाचे नाव एकदाच उच्चारावे, त्याने कान किंवा मान वळवताच एक-दोन सेकंदांत पालेभाजीच्या पानाचा नखाएवढा तुकडा द्यावा. एका बैठकीत पाच-सहा वेळा आणि दिवसातून दोन बैठका पुरेशा होतात. दुसरा ससा हावरेपणाने मध्ये आला तर त्याला काही देऊ नये, रागावूही नये. लव्हबर्डसाठी राळ्याच्या कणसाचे दोन-चार दाणे हेच काम करतात. दोन्ही नावे एका दमात म्हणून खाणे वाटणे हा मात्र शिकवणीचा सर्वांत मोठा शत्रू आहे, कारण त्यातून ‘कोकी-कापसा’ हा जेवणाच्या घंटेसारखा एकच शब्द तयार होतो.

शिकवणीला दोन-तीन आठवडे झाले की चाचणी घ्यावी. सशाला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, त्यामुळे त्याच्या मागे उभे राहून हाक मारली तरी तो हाताची हालचाल पाहून वळत असू शकतो. म्हणून हाक दाराआडून द्यावी आणि दुसऱ्याने पाहावे की आधी कोणाचे कान वळले. एका नावाला सातत्याने दोघेही वळत असतील तर दोन कारणे संभवतात: एकतर शिकवताना खाऊ दोघांनाही मिळाला, किंवा स्वर जवळचे आहेत. पहिल्या कारणासाठी शिकवण बदलावी, दुसऱ्यासाठी नाव बदलावे. एकच प्राणी कोणत्याच हाकेला वळत नसेल आणि तो लोंबत्या कानांचा असेल, तर नावाला दोष देण्याआधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत; लोंबत्या कानांत कानाची नळी अरुंद राहते आणि मळ साचण्याचे प्रमाण जास्त असते.

नाव बदलण्याची वेळ आली तर एकाचेच बदलावे, आणि ज्याने आपले नाव कमी शिकले आहे त्याचे बदलावे. नवे नाव जुन्याच पहिल्या अक्षराने सुरू झाल्यास घरातल्या माणसांना सवय लवकर होते, पण शेवटचा स्वर बदललाच पाहिजे, नाहीतर बदलण्याचा उपयोग होत नाही.

एक गोष्ट निवडीच्या वेळीच लक्षात घ्यावी. पाळीव ससे साधारण 8 ते 12 वर्षे आणि लव्हबर्ड 10 ते 15 वर्षे जगतात, आणि दोघे एकाच वेळी जातील असे सहसा घडत नाही. ‘अटक-मटक’सारखे एकाच बोलाचे दोन तुकडे नावे म्हणून दिले असतील तर मागे राहिलेल्या ‘मटक’ला एकट्याने काही अर्थ राहत नाही, आणि नवा सोबती आणल्यास त्याच्यासाठी जागा उरत नाही. कोकी किंवा पाचू हे एकटेही पूर्ण नाव आहे. त्याच्या शेजारी उद्या दुसरे कोणतेही क चे किंवा रत्नाचे नाव, शेवटचा स्वर तेवढा वेगळा ठेवून, सहज बसवता येते.